सामाईक पेटी आणि एक विनंतिअर्ज

विनंतिअर्ज कसा लिहावा हें आमच्या मुलांना खालच्या इयत्तांपासूनच शिकविलें जातें. डाव्या बाजूस 'प्रति', त्याखालीं 'विषय', मग 'महोदय', आणि अखेरीस 'आपला आज्ञाधारक विद्यार्थी'. हा सांगाडा त्यांना इतका पाठ होऊन जातो कीं, पुढें खरोखरीच कांहीं मागावयाची वेळ आली म्हणजे तीं सांगाडाच तेवढा पाठवितात, आणि मागणें कोठें आहे तें वाचणाऱ्यास शोधीत बसावें लागतें. गेल्या जून महिन्यांत नववींतील एक विद्यार्थिनी असाच एक अर्ज मजकडे तपासावयास घेऊन आली. शाळेंत आठवड्यांतून एकदां संगीत-मंडळ भरावें व शाळेचीं वाद्यें सर्वांनीं मिळून वापरावीं, अशी मुख्याध्यापकांस तिची विनंति होती. अर्जांत संगीतानें मन प्रसन्न होतें, अभ्यासांत एकाग्रता वाढते, अशा आठ-दहा ओळी होत्या, आणि शेवटच्या एका वाक्यांत दोन गिटार, एक कीबोर्ड व 'इतर आवश्यक साहित्य' शाळेनें विकत घ्यावें असें सुचविलें होतें. शुद्धलेखनाची चूक एकही नव्हती. त्या अर्जाचें पुढें काय काय झालें तें आमच्या विद्यार्थि-मित्रांस व त्यांच्या पालकांस उपयोगी पडेल असें वाटून येथें थोडें सविस्तर लिहीत आहें.

मीं तिला विचारलें, "तुला स्वतःला हें मंडळ कां हवें आहे?"

ती क्षणभर घुटमळली व म्हणाली, "सर, आपल्या कपाटांत पेटी आहे. ती वर्षांतून एकदां, स्नेहसंमेलनाच्या वेळीं बाहेर निघते. पण वाजवायला माणूस बाहेरून येतो. आम्ही नुसतीं गातों. ज्यांच्या घरीं वाद्य आहे त्यांना सूर कळतो. माझ्या घरीं नाहीं. मीं ती पेटी अजून हातानें दाबून पाहिलेली नाहीं."

हें उत्तर तिच्या अर्जांत कोठेंच नव्हतें! एकाग्रतेच्या आठ ओळी काढून टाकून हीं चार वाक्यें तेथें घालावीं, असें मीं तिला सांगितलें. आणि नवीं वाद्यें मागण्यापूर्वीं जीं आहेत तीं मोजावीं, म्हणून कार्यालयांतून किल्ली घेऊन आम्हीं तें कपाट उघडलें.

आंत दोन पेट्या होत्या, एक मोठी व एक लहान. एक तबला-डग्ग्याची जोडी, एक ढोलकी, टाळांचे सहा जोड, आणि धनुष्याचे केस कसरीनें खाल्लेलें एक व्हायोलिन. 'वाद्य आहे' आणि 'वाद्य वाजतें' या दोन निराळ्या गोष्टी आहेत, म्हणून प्रत्येक वाद्याची परीक्षा घेणें प्राप्त होतें. पेटीची परीक्षा कोणासही करतां येते. पुढच्या सर्व खुंट्या आंत ढकलून बंद कराव्या आणि भाता हालवून हवा भरावी. भाता फुगून तसाच राहिला तर पेटी हवा धरते असें समजावें. लगेच पडूं लागला तर चामडें किंवा सांधा कोठेंतरी उघडा आहे. मग खुंट्या ओढून, एकाही पट्टीला हात न लावतां, पुन्हां हवा भरावी. अशा वेळीं एखादा सूर आपण होऊन वाजूं लागला तर त्या पट्टीखालीं धूळ अडकली आहे, अगर तिची कमान सैल झाली आहे. मोठ्या पेटीनें हवा चांगली धरली, परंतु तिचे दोन सूर आपोआप वाजत होते. लहान पेटीचा भाता मात्र पांच आंकडे मोजीपर्यंत पडला.

त्यानंतर मीं तिला दोन्ही पेट्यांची एकच पट्टी एकाच वेळीं दाबावयास सांगितली. लहान पेटीला तिनें जोरजोरानें हवा पुरविली, तेव्हां दोन सुरांतून थरथरल्यासारखा एक कंप स्पष्ट ऐकूं येऊं लागला. एका पेटीची जीभ सेकंदास ४४० वेळां हालत असेल व दुसरीची ४४३ वेळां, तर सेकंदास तीन कंप ऐकूं येतात. दोन्ही एकसारख्या असल्या तर एकही नाहीं. पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांत हा नियम मुलें परीक्षेपुरता पाठ करतात. येथें त्याचा व्यवहारांतला अर्थ असा निघाला कीं, या दोन पेट्या एका गाण्याला एकत्र घेतां येणार नाहींत. एक गाण्यासाठीं, व दुसरी दुसऱ्या खोलींत सरावासाठीं.

आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना पेटीची ही सारी कल्पनाच पसंत नव्हती. मुलांना सुराची ओळख तंबोऱ्यावरच व्हावी, असें त्यांचें म्हणणें. त्यांच्या बाजूस आधारही आहे. पेटीवर मींड निघत नाहीं आणि तिचे सूर बांधलेले असतात, अशा कारणांवरून १९४० पासून १९७१ पर्यंत पेटी आकाशवाणीवरून हद्दपार होती. परंतु तंबोरा लावावयास जाणता कान लागतो, आणि पंचवीस हातांतून फिरतांना त्याच्या खुंट्या जागेवर राहात नाहींत. जिला सूर कोठें असतो हेंच ठाऊक नाहीं, तिला बांधलेला सूर हाच आधार. सामाईक वाद्य म्हणून पेटीचा हा गुण मला मोठा वाटतो.

आतां तबल्याचा प्रश्न निघाला. नववींतल्या बऱ्याच मुलांचे आवाज फुटलेले असतात. तीं काळी एक या सुरांत सुखानें गातात. मुलींना व सहावी-सातवीच्या मुलांना तो सूर फार खालचा पडतो. त्यांना काळी चार बरी वाटते. आमचा तबला तोंडाला सुमारें सव्वापांच इंच. तो काळी एकला छान बोलतो. तोच काळी चारपर्यंत चढवूं गेल्यास पुडी फाटेल, आणि उतरवून खालच्या काळी चारवर आणल्यास ती ढिली पडून आवाज मरेल. म्हणून अर्जाच्या दुसऱ्या मसुद्यांत तिनें आणखी एक तबला मागितला होता. शहरांतील एका तबलजींना विचारल्यावर त्यांनीं हंसून सांगितलें, "पट्ट्या मोजून पाहा." तिनें मोजल्या. काळी चारला षड्ज धरला कीं काळी पांच हा रिषभ, पुढच्या सप्तकांतली पांढरी एक हा गंधार, आणि त्यालगतची काळी एक हा मध्यम! म्हणजे मुलांच्या षड्जाला लावलेला तबला मुलींच्या मध्यमाला आपोआप लागलेला असतो. हातोडीचा एक ठोका न घालतां दोघांचें काम होतें, आणि दुसऱ्या तबल्याची मागणी अर्जांतून गळाली. याला मर्यादाही आहे. भूप रागांत मध्यम वर्ज्य आहे. तेथें मध्यमांत लावलेला तबला कानाला खटकतो. अशा गाण्याला मुलींनीं काळी तीन धरावी, म्हणजे तीच काळी एक त्यांचा पंचम होते.

याहून कठीण हिशेब वेळेचा होता. नांवें चोविसांनीं दिलीं होतीं. शनिवारीं सकाळची शाळा सुटल्यावर एक तास मिळेल असें धरलें, तरी वाद्यें आणून लावण्यास दहा मिनिटें व पुसून परत ठेवण्यास दहा मिनिटें जातात, उरतात चाळीस. दहा-दहा मिनिटांच्या चार पाळ्या, प्रत्येक पाळींत दोन पेट्या आणि एक तबला, म्हणजे एका शनिवारीं बारा जणांचे हात वाद्याला लागणार. बाकीच्यांनीं गावयाचें व टाळ धरावयाचे. चोविसांपैकीं प्रत्येकाला पंधरवड्यांतून दहा मिनिटें! मला वाटलें कीं हा आंकडा पाहून ती नांवें कमी करील. तिनें तसें केलें नाहीं. उलट हाच हिशेब तिनें अर्जांत जसाच्या तसा लिहिला. कारण, ती म्हणाली, दहा मिनिटें सांगून दहा मिळालीं तर कोणी रुसणार नाहीं.

एका कलमावर मात्र आमचा दोघांचा बराच वेळ खल झाला. तिनें नियम लिहिला होता, "जो वाद्य मोडील त्यानें तें भरून द्यावें." ऐकावयास हा नियम न्यायाचा वाटतो, आणि पुष्कळ पालकही प्रथम हाच सुचवितात. मीं तिला विचारलें, "हा नियम असतांना तूं पेटीला हात लावशील काय?" ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "नाहीं, सर. आई लावूं देणार नाहीं."

सामाईक वाद्याची खरी अडचण येथें आहे. तबल्याची पुडी ही झिजावयाचीच वस्तु. शेंकडों हात पडून ती हळूहळू कमजोर होते आणि एके दिवशीं एकाच्या हाताखालीं फाटते. तो शेवटचा हात अपराधी नव्हे. वादी ताणून ताणून तुटते, पेटीची एखादी जीभ वर्षानुवर्षें वाजून थकते. 'मोडील तो भरील' म्हटलें कीं दोन गोष्टी निश्चित होतात. ज्यांच्या घरीं वाद्य आहे व चार पैसे आहेत तींच मुलें पुढें येऊन वाजवितात, आणि ज्यांच्यासाठीं मंडळ काढलें तीं टाळच धरून बसतात. दुसरें असें कीं, कांहीं बिघडलें तर तें कोणी सांगत नाहीं. शाईचा लहानसा टवका उडाला असतां त्याच दिवशीं कळला तर दुरुस्ती थोडक्यांत होते. लपवून तसेंच वाजवीत राहिल्यास सारी पुडी बदलावी लागते. (शाईवर बारीक बारीक भेगा दिसतात त्या मात्र मूळच्याच असतात, त्यांना भिऊं नये. बोट फिरवितांना कण हाताला लागूं लागले, किंवा आवाजांत माशी गुणगुणल्यासारखें ऐकूं आलें, म्हणजे समजावें.)

मग झीज आणि अपघात यांचा खर्च कोणीं सोसावा? पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांनीं १९०१ सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढलें तेव्हां वर्ग भरवून अनेकांना एकत्र शिकविण्याचा पायंडा पाडला, आणि पुढें त्या संस्थेनें वाद्यें तयार व दुरुस्त करण्याची स्वतःची सोयही केली. जेथें पुष्कळांनीं शिकावयाचें तेथें दुरुस्ती हा शिक्षणाचाच खर्च आहे, हें त्यांनीं ओळखलें होतें. आमच्या विद्यार्थिनीनें तो खर्च भागविण्याचा एक साधा मार्ग काढला. शाळेंत सांचणारी रद्दी विकून जें येईल त्यांतून मंडळाचा दुरुस्तीनिधि करावा, आणि कोणाकडूनही वर्गणी घेऊं नये.

तिसऱ्या मसुद्यानंतर अर्ज जो तयार झाला तो असा होता:

"मा. मुख्याध्यापक महोदयांचे सेवेसी,

विषय: शनिवारचें संगीत-मंडळ व शाळेच्या वाद्यांचा सामाईक वापर.

महोदय,

आपल्या शाळेच्या कपाटांत दोन पेट्या, एक तबला-डग्गा, एक ढोलकी व टाळांचे सहा जोड आहेत. तीं वर्षांतून एकदां बाहेर निघतात व बाहेरचे वादक वाजवितात. आम्हां चोवीस विद्यार्थ्यांपैकीं एकोणीस जणांच्या घरीं कोणतेंही वाद्य नाहीं. आम्हांस तीं वाजवावयास शिकावयाचें आहे.

दर शनिवारीं शाळा सुटल्यावर सव्वाअकरा ते सव्वाबारा सभागृह व शेजारची खोली मिळावी. एका शनिवारीं बारा जण प्रत्येकीं दहा मिनिटें वाद्य वाजवितील, बाकीचे गातील. पुढच्या शनिवारीं उरलेले बारा जण. संगीत जाणणाऱ्या एका शिक्षिकांनीं देखरेखीस संमति दिली आहे. त्यांची सही सोबत आहे.

नवीन वाद्य नको. मोठ्या पेटीचे दोन सूर साफ करणें व लहान पेटीचा भाता दुरुस्त करणें, एवढेंच काम आहे. कारागिराचा लेखी अंदाज जोडला आहे.

वाद्यें घरीं नेलीं जाणार नाहींत. दर वेळीं ठेवण्यापूर्वीं दोघे जण तीं तपासतील व वहींत नोंद करतील. वाजवितांना कांहीं तुटल्यास ज्याच्या हातीं तें होतें त्यानें त्याच दिवशीं वहींत लिहावें. त्याच्याकडून पैसे घेऊं नयेत. खर्च रद्दीच्या विक्रींतून व्हावा.

हें सर्व दिवाळीपर्यंत करून पाहण्यास परवानगी द्यावी, ही विनंति. त्यानंतर वही पाहून आपण ठरवावें.

आपली आज्ञाधारक विद्यार्थिनी"

चोवीस जणांच्या सह्या खालीं होत्या. या अर्जांत 'एकाग्रता' हा शब्द नाहीं, हें वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल. मला स्वतःला त्यांतील 'नवीन वाद्य नको' हें वाक्य सर्वांत आवडलें. मुख्याध्यापकाच्या टेबलावर येणाऱ्या अर्जांत असें वाक्य क्वचितच असतें.

मुख्याध्यापकांनीं अर्ज चार दिवस ठेवून घेतला व समासांत तीन शेरे मारून परत पाठविला. किल्ली कार्यालयांतच राहील व देखरेख करणाऱ्या बाईंनींच सही करून न्यावी, हा पहिला. मोठी पेटी साफ करून घ्यावी, परंतु लहान पेटीच्या भात्याचा खर्च सहा शनिवार नीट पार पडल्यावर पाहूं, हा दुसरा. आणि पैसे न घेण्याच्या कलमाखालीं रेघ ओढून त्यांनीं लिहिलें होतें, "मुद्दाम मोडल्यास?" या प्रश्नाचें उत्तर तिनें मला न विचारतां स्वतःच खालीं लिहिलें. मुद्दाम मोडणाऱ्यासाठीं शाळेची शिस्त आधींपासून आहे. त्याच्यासाठीं निराळा नियम केला तर न मोडणारेच भितील. यावर शेरा नाहीं, नुसती सही आली.

दुसऱ्या शेऱ्यानें तिचा सारा हिशेब मात्र बदलला. लहान पेटी गेल्यामुळें प्रत्येक पाळींत एक पेटी व एक तबला, म्हणजे शनिवारीं आठच जण. प्रत्येकाची पाळी तिसऱ्या शनिवारीं येणार. सहा शनिवारांत अठ्ठेचाळीस पाळ्या, म्हणजे माणशीं दोनच. तिनें नवा तक्ता करून फळ्यावर लाविला. दोन मुलांनीं नांवें काढून घेतलीं, व त्यांच्या जागीं दोन नवीं आलीं.

मंडळ जुलैच्या दुसऱ्या शनिवारीं सुरू झालें. पावसाळ्यांत चामडें दमट हवेनें ढिलें पडतें, म्हणून पहिलीं दहा मिनिटें तबला लावण्यांतच जात. गजऱ्यावर हातोडी कशी हळू मारावी आणि पुडीवर ती कां पडूं देऊं नये, हें त्या निमित्तानें सर्वांनीं पाहिलें. चौथ्या शनिवारच्या नोंदींत, वहीच्या पानावर, सहावींतल्या एका मुलानें मोठ्या अक्षरांत लिहिलें आहे, "डग्ग्याची वादी तुटली. डग्गा माझ्याकडे होता," आणि खालीं आपलें नांव. पुढच्या मंगळवारीं नवी वादी घालून झाली. शनिवारच्या तक्त्यांत त्याची पाळी जेथें होती तेथेंच आहे.

सहावा शनिवार झाल्यावर लहान पेटी कारागिराकडे गेली. ती परत आली तेव्हां भाता घट्ट झाला होता. पण दोन्ही पेट्यांची काळी एक एकत्र दाबून पाहतां कंप पूर्वींसारखाच येत होता. भात्याचा आणि सुराचा संबंध नसतो. सूर जुळवावयाचा तर प्रत्येक जीभ घांसावी लागते, टोंकाकडे घांसली कीं चढतो, मुळाकडे घांसली कीं उतरतो, आणि तें काम अंदाजपत्रकांत धरलेलेंच नव्हतें. तूर्त लहान पेटी शेजारच्या खोलींतच वाजते. सूर जुळवून मिळावे म्हणून तिनें दुसरा अर्ज लिहावयास घेतला आहे.